ब्लूटूथवर गेमचा आवाज मागे का राहतो? वायर, डोंगल आणि लो लेटन्सी कोडेक यांचा हिशेब

दिवाळीच्या सुट्टीत भाचा आला तो नवे इअरबड्स घेऊनच. दुसऱ्या दिवशी सकाळी माझ्यासमोर फोन धरून म्हणाला, "मामा, हे बघ. फायर दाबलं की बंदूक आधी हलते, आवाज नंतर येतो. पीस खराब आलाय, परत करायचा का?" बीजीएमआय या गोळीबाराच्या गेमचं ट्रेनिंग ग्राउंड, म्हणजे सरावाचं मैदान, उघडलेलं होतं. बंदूक त्याने सिंगल शॉटवर ठेवली आणि एकेक गोळी झाडून दाखवली. नळीतून ठिणगी दिसायची, हात मागे झटकायचा आणि मग कानात 'ठो'. अंतर एवढं होतं की मोजायलाही लागलं नसतं.

पीस खराब नव्हता. त्याच इअरबड्सवर तो रात्री सिनेमा बघत होता आणि तिथे ओठ आणि आवाज अगदी बरोबर जुळत होते. सिनेमात नीट आणि गेममध्ये मागे, हे कसं होतं ते एकदा समजलं की वायर घ्यायची, डोंगल घ्यायचं की आहे त्यावर सेटिंग बदलून भागतंय, हे आपलं आपल्याला ठरवता येतं. म्हणून खरेदीच्या आधी थोडा वेळ कारणावर घालवू.

आधी खात्री: दोष ब्लूटूथचाच आहे का?

गेममध्ये तीन वेगवेगळ्या गोष्टींना आपण 'लॅग' म्हणतो. नेटचा पिंग जास्त असेल तर समोरचा खेळाडू झटके मारत पळतो, गोळी लागूनही उशिरा मोजली जाते. फोन तापून फ्रेम पडत असतील तर चित्रच अडखळतं. आणि आवाज मागे पडत असेल तर चित्र सुरळीत असतं, फक्त कानाला उशिरा कळतं.

तपासायला दोन मिनिटं लागतात. ट्रेनिंग ग्राउंडमध्ये एकेक गोळी झाडायची, आधी इअरबड्स लावून, मग ब्लूटूथ बंद करून फोनच्या स्पीकरवर. आपल्याच बंदुकीचा आवाज आपल्याच फोनवर तयार होतो, त्यासाठी सर्व्हरच्या उत्तराची वाट बघावी लागत नाही, त्यामुळे इथे पिंगचा संबंध येत नाही. स्पीकरवर आवाज बोटाबरोबर आला आणि इअरबड्सवर मागे पडला तर कारण ब्लूटूथ. स्पीकरवरही मागेच असेल तर नवे इअरफोन घेऊन काही सुधारणार नाही. मागे चालू असलेली ॲप्स बंद करा, बॅटरी सेव्हर काढा, ग्राफिक्स एक पायरी खाली आणा आणि पुन्हा बघा.

उशीर नेमका कुठे होतो

बहुतेकांना वाटतं की आवाज हवेतून यायला वेळ लागतो. रेडिओ लहरी प्रकाशाच्या वेगाने जातात, फोनपासून कानापर्यंतचा तो प्रवास हिशेबात धरण्याएवढाही नाही. वेळ जातो तो आधी आणि नंतर.

गेमने गोळीचा आवाज तयार केला की अँड्रॉइड तो बाकीच्या आवाजांत मिसळतं. मग कोडेक त्याला दाबून लहान करतो, कारण ब्लूटूथची वाट अरुंद आहे. दाबलेल्या आवाजाची पाकिटं होतात, ती रेडिओवरून जातात, इअरबड ती उघडतो, पुन्हा आवाजात रूपांतर करतो आणि वाजवतो. कोडेकचा स्वतःचा वेळ ऐकून आश्चर्य वाटेल इतका कमी आहे. सगळ्यात जुना एसबीसी एका वेळी साधारण ३ मिलिसेकंदांचा तुकडा हाताळतो. एएसीचा तुकडा सुमारे २३ मिलिसेकंदांचा असतो. भाच्याला ऐकू येणारा उशीर मात्र २०० मिलिसेकंदांच्या घरातला होता. बाकीचा वेळ गेला कुठे?

तो गेला टाकीत. आपल्याकडे नळाला पाणी कधी येतं, कधी बारीक येतं, कधी मध्येच जातं, म्हणून आपण गच्चीवर टाकी बसवतो. वरून पुरवठा कसाही होवो, घरातला नळ सारखा चालला पाहिजे. इअरबडमध्येही तशीच आवाजाची टाकी असते, तिला बफर म्हणतात. ब्लूटूथ २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात चालतं. त्याच पट्ट्यात घरातला वायफाय, शेजाऱ्याचा वायफाय, वायरलेस माउस आणि मायक्रोवेव्ह ओव्हनही असतो. क्लासिक ब्लूटूथ यातून वाट काढायला ७९ चॅनेलवर सेकंदाला १,६०० वेळा उड्या मारतं, तरी काही पाकिटं हरवतातच. हरवलेलं पाकीट फोन पुन्हा पाठवतो. तेवढ्या वेळात गाणं थांबू नये म्हणून इअरबड काही आवाज साठवून ठेवतो आणि साठ्याच्या मागच्या टोकाला आलेला आवाज पुढचा सगळा वाजून झाल्यावरच वाजतो. गोळीचा 'ठो' या रांगेत उभा असतो.

म्हणजे हा उशीर मुद्दाम ठेवलेला आहे. गाणी ऐकवण्यासाठी ब्लूटूथमध्ये जी ए-टू-डी-पी नावाची पद्धत आहे, ती संगीत न तुटता पोचावं या हिशेबाने बांधलेली आहे. गाणं पाव सेकंद उशिरा सुरू झालं तर कुणाला कळतही नाही.

सिनेमाचं कोडंही इथेच सुटतं. व्हिडिओ प्लेअरला पुढची चित्रं आणि पुढचा आवाज दोन्ही आधीच माहीत असतात. इअरबड्सला साधारण किती वेळ लागतो याचा अंदाज घेऊन प्लेअर चित्रच तेवढं थांबवतो. दोन्ही सारखेच उशिरा येतात म्हणून जुळलेले दिसतात. गेमला ही सोय नाही. तुम्ही फायर कधी दाबणार हे गेमला आधी कसं कळणार? आणि चित्र पाव सेकंद थांबवलं तर गेम खेळणंच अशक्य होईल. त्यामुळे तो चित्र लगेच दाखवतो आणि आवाज आपल्या वाटेने मागून येतो.

२०० मिलिसेकंद म्हणजे किती ते डोळ्यांसमोर आणायचं तर आवाज हवेतून सेकंदाला साधारण ३४३ मीटर जातो. तेवढ्या उशिराने ऐकू येणारा फटाका जवळपास ६९ मीटरवर फुटलेला असतो. तुमची हातातली बंदूक तुम्हाला गल्लीच्या टोकाला वाजल्यासारखी ऐकू येते. सेकंदाला ६ मीटर पळणारा शत्रू तेवढ्यात सव्वा मीटर पुढे गेलेला असतो. दाराबाहेर वाटलेली पावलं तोवर दारात असतात.

घरच्या घरी मोजायची पद्धत

खोक्यावर '५० मिलिसेकंद' लिहिलेलं असतं आणि कानाला त्याच्या कितीतरी पट वाटतं. दोन्ही आकडे खरे असू शकतात, कारण कुठून कुठपर्यंत मोजलं ते खोक्यावर लिहिलेलं नसतं. म्हणून स्वतः मोजलेलं बरं. याला दुसरा फोन आणि कॉम्प्युटरवर ऑडॅसिटी हे फुकट सॉफ्टवेअर एवढंच लागतं.

खेळायच्या फोनवर टॅप केल्याबरोबर वाजणारं काहीतरी उघडा. पियानोचं साधं ॲप चालेल. स्वतःच्या गेमचं मोजायचं असेल तर ट्रेनिंग ग्राउंडचं फायर बटणही चालेल. एक इअरबड काढून दुसऱ्या फोनच्या माइकला चिकटवून ठेवा आणि त्या फोनवर रेकॉर्डर सुरू करा. रेकॉर्डरमध्ये आवाज स्वच्छ करण्याची सोय असेल तर ती बंद करा, नाहीतर टकटक ऐकूच येणार नाही. आता पडद्यावर बोटाचं टोक असं आपटा की बोटही लागेल आणि नखही काचेवर वाजेल. फक्त नख मारलं तर पडद्याला स्पर्श कळत नाही, फक्त बोटाचा मऊ भाग लावला तर रेकॉर्डिंगमध्ये काही येत नाही. दोन-चार वेळा करून पाहिलं की हात बसतो.

दोन-दोन सेकंदांच्या अंतराने बारा-पंधरा वेळा टॅप करा. पहिले दोन-तीन टॅप सोडून द्या, कारण बराच वेळ शांतता असली की ब्लूटूथचा प्रवाह थांबलेला असतो आणि पहिला आवाज जास्तच उशिरा येतो किंवा अर्धा गिळला जातो. रेकॉर्डिंग ऑडॅसिटीत उघडून मोठं करा. प्रत्येक टॅपला दोन उंचवटे दिसतील, आधी नखाचा टोकदार, मग इअरबडचा. पहिल्याच्या सुरुवातीपासून दुसऱ्याच्या सुरुवातीपर्यंत माउसने निवडलं की खाली निवडीची सुरुवात-शेवट किंवा लांबी दिसते, त्यावरून अंतर काढा. नऊ अंतरं लिहून काढा, लहान ते मोठी लावा आणि मधलं घ्या.

या अंतरात फोनचा पडदा, गेम आणि अँड्रॉइड यांचाही वेळ आहे. तो वेगळा काढायला हीच चाचणी एकदा वायरचे इअरफोन लावून करायची आणि तो आकडा वजा करायचा. उदाहरणासाठी असं धरू: वायरवर ११० आले, ब्लूटूथवर नेहमीच्या सेटिंगने ३१०, गेम मोड लावून १९० आणि २.४ गिगाहर्ट्झच्या डोंगलवर १३५. मग वायरच्या तुलनेत ब्लूटूथने २०० वाढवले, गेम मोडने ८० आणि डोंगलने २५. तुलनेत उपयोगाचे आकडे हे शेवटचे तीन. ११० हा तुमच्या फोनचा आणि गेमचा खर्च आहे, कुठलाही इअरफोन घेतला तरी तो भरावाच लागतो.

किती फरक चालतो? टीव्ही प्रक्षेपणाच्या युरोपियन शिफारशीत आवाज चित्राच्या मागे ६० मिलिसेकंदांपेक्षा जास्त पडू नये असं म्हटलं आहे. माझा अनुभव असा की वायरच्या वर ४० पर्यंत वाढ गोळीबाराच्या गेममध्ये जाणवत नाही, ८० ते १०० ची सवय होते आणि १५० च्या पुढे बोट आणि कान यांची फारकत होते. तालावर बोट मारायच्या गेमला मात्र ४० सुद्धा बोचतात. अशा गेममध्ये ऑफसेट किंवा कॅलिब्रेशनची सोय असते. तिने गाणं जुळतं, पण बोट मारल्यावर येणारा टिचकीचा आवाज मागेच राहतो. ब्लूटूथवर खेळताना तो आवाज बंद करून टाका, निदान गोंधळ होत नाही.

वायर

वायरमध्ये टाकीच नाही. पाकिटं नाहीत, हरवणं नाही, म्हणून साठवणूकही नाही. जॅक असलेल्या फोनला साधे इअरफोन लावले की विषय संपला. ज्यांच्या फोनला ३.५ मिलिमीटरचा जॅक अजून आहे त्यांनी पुढचं काही वाचायच्या आधी घरातले जुने इअरफोन लावून एक मॅच खेळून बघावी.

जॅक नसेल तर टाइप-सीचा कन्व्हर्टर लागतो, आणि लोक फसतात ते इथे. बाहेरून एकसारखे दिसणारे कन्व्हर्टर दोन जातींचे असतात. एकात फक्त तारा जोडलेल्या असतात. तो चालायला फोननेच टाइप-सीच्या भोकातून तयार आवाज बाहेर सोडावा लागतो, आणि अनेक फोन तसं करत नाहीत. दुसऱ्यात डॅक नावाची छोटी चिप असते. फोनकडून डिजिटल माहिती घेऊन ती स्वतः आवाज तयार करते. डॅकवाला जवळजवळ सगळीकडे चालतो, टाइप-सी असलेल्या आयफोन १५ आणि पुढच्या मॉडेलवरसुद्धा. यूएसबीमुळे थोडे मिलिसेकंद वाढतात, ते कानाला कळत नाहीत.

ऑनलाइन घेताना वर्णनात 'डॅक' हा शब्द आहे का ते बघा. पुण्यात तपकीर गल्लीत किंवा मुंबईत लॅमिंग्टन रोडला जाणार असाल तर फोन आणि स्वतःचे इअरफोन बरोबर न्या आणि दुकानातच लावून बघा. आवाज तर तपासाच, पण रेकॉर्डर चालू करून माइकही तपासा. कन्व्हर्टर लावून काहीच झालं नाही तर लगेच परत करू नका. काही फोनमध्ये टाइप-सीला बाहेरची वस्तू जोडू देणारं ओटीजीचं बटण सेटिंग्जमधून हाताने चालू करावं लागतं, आणि काही वेळ वापर झाला नाही की ते आपोआप बंदही होतं.

वायरची खरी अडचण चार्जिंगची. टाइप-सीचं भोक एकच, त्यात कन्व्हर्टर बसला की चार्जर कुठे लावायचा? चार्जिंगचं जादा भोक असलेले कन्व्हर्टर मिळतात, पण त्यातले स्वस्त घेतले तर चार्जर लावल्याबरोबर कानात बारीक गुंजन येतं. गुंजन चार्जर काढल्यावर जात असेल तर दोष इअरफोनचा नाही, त्या कन्व्हर्टरचा आहे.

डोंगल

'डोंगल' नावाखाली दोन वेगळ्या वस्तू विकल्या जातात आणि त्यातली एक घेऊन काहीच फरक पडत नाही, असं होऊ शकतं.

पहिली वस्तू म्हणजे गेमिंग हेडसेटच्या खोक्यातच येणारं छोटं टाइप-सी किंवा यूएसबीचं २.४ गिगाहर्ट्झ डोंगल. पट्टा ब्लूटूथचाच, पण नियम कंपनीचे स्वतःचे. जगभरातल्या प्रत्येक स्पीकरशी जुळवून घ्यायची सक्ती या डोंगलवर नसते, ते फक्त आपल्या जोडीच्या हेडसेटशी बोलतं. त्यामुळे लहान पाकिटं, लहान टाकी, आणि वायरच्या वर साधारण २० ते ४० मिलिसेकंदांत काम होतं. फोनला किंवा कॉम्प्युटरला ते यूएसबीचं साउंड कार्डच वाटतं, म्हणून कोडेकच्या वाटाघाटीचा प्रश्नच येत नाही. शिवाय माइक चालू केला तरी आवाजाचा दर्जा घसरत नाही. पुढे माइकचा मुद्दा येईल तेव्हा ही गोष्ट किती मोलाची आहे ते कळेल.

दुसरी वस्तू म्हणजे ब्लूटूथ ट्रान्समीटर. टीव्हीला किंवा कॉम्प्युटरला लावून आपले नेहमीचे ब्लूटूथ इअरबड्स जोडायचं साधन. यात शेवटी ब्लूटूथच आहे. ट्रान्समीटर आणि इअरबड दोघांनाही एकच लो लेटन्सी कोडेक येत असेल तरच फायदा, नाहीतर दोघं एसबीसीवर उतरतात आणि २०० मिलिसेकंद तसेच राहतात. ओळखायची खूण सोपी आहे: डोंगल एखाद्या ठरावीक हेडसेटबरोबर जोडीने विकलं जात असेल तर ती पहिली वस्तू, सुटं आणि 'कुठल्याही ब्लूटूथ हेडफोनला चालेल' म्हणून विकलं जात असेल तर दुसरी.

फोनवर डोंगल वापरायचं तर हातात धरून बघितल्याशिवाय घेऊ नका. फोन आडवा धरला की टाइप-सीचं भोक एका तळहाताखाली येतं आणि सरळ डोंगल नेमकं अंगठ्याच्या मुळाशी टोचतं. काटकोनात वळलेलं डोंगल किंवा छोटी वळणाची केबल असलेलं बरं पडतं. कॉम्प्युटरवर वेगळीच गंमत होते. यूएसबी ३ च्या जोडणीतून २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात गोंगाट पसरतो. हार्ड डिस्कवरून मोठी फाइल कॉपी करायला घेतली आणि हेडसेट तुटायला लागला तर हेच कारण. डोंगल एक्स्टेन्शन केबलवर घेऊन टेबलावर आणून ठेवा, तुटणं थांबतं. गेमिंग कन्सोलसाठी घेणार असाल तर खोक्यावर त्याच कन्सोलचं नाव शोधा. एक्सबॉक्सची वायरलेस पद्धत वेगळी आहे, प्लेस्टेशन आणि कॉम्प्युटरसाठी असलेलं डोंगल तिथे चालेलच असं नाही.

लो लेटन्सी कोडेक आणि गेम मोड

कोडेकच्या बाबतीत एकच नियम पक्का लक्षात ठेवायचा: फोन आणि इअरबड दोघांना तो यायला हवा. एकालाच येत असेल तर दोघं समान भाषेवर येतात, आणि दुसरं काही जुळलं नाही तर ती एसबीसी असते, कारण ए-टू-डी-पीमध्ये तेवढाच सक्तीचा आहे.

आत्ता तुमच्याकडे काय चाललंय ते बघायला इअरबड्स जोडलेले ठेवून हे करा:

```
Settings > About phone > Build number (tap 7 times)
Settings > System > Developer options > Bluetooth audio codec
```

काही फोनवर `Build number` ऐवजी ओएस व्हर्जनच्या ओळीवर सात वेळा टॅप करावं लागतं, आणि `Developer options` दुसऱ्या पानावर सापडतं. यादीत `SBC`, `AAC`, `aptX`, `LDAC` अशी नावं दिसतील. जी फिकी आहेत ती तुमच्या इअरबड्सना येत नाहीत. एक निवडा, ट्रेनिंग ग्राउंडमध्ये नखाची चाचणी करा, मग दुसरा निवडा. इअरबड्स पुन्हा जोडल्यावर निवड मूळपदावर जाऊ शकते, तेव्हा खेळण्याआधी एकदा पाहून घ्यायचं.

यात लोकांची एक ठाम समजूत चुकते. `LDAC` हा यादीतला सगळ्यात भारी कोडेक, म्हणून गेमलाही तोच उत्तम, असं वाटतं. एलडॅक सोनीने बारीक तपशील असलेल्या संगीतासाठी केला, तो सेकंदाला ९९० किलोबिटपर्यंत माहिती पाठवतो. जास्त माहिती अरुंद वाटेतून न तुटता न्यायची तर टाकी मोठी लागते. गेमसाठी तो बाजूला ठेवा. अनेक अँड्रॉइड फोनवर एएसीपेक्षा साधा एसबीसीसुद्धा थोडा पुढे निघतो. तुमच्या फोनवर कोण पुढे, ते चाचणीच सांगेल.

खास कमी उशिरासाठी केलेल्यांत क्वालकॉमचा ऍप्टएक्स लो लेटन्सी सगळ्यात जुना, ४० मिलिसेकंदांच्या आसपासचा. पण त्याला दोन्ही बाजूंना वेगळी तजवीज लागायची, फोनमध्ये तो फारसा आलाच नाही, आणि आता तो मुख्यतः टीव्हीच्या ट्रान्समीटरमध्ये दिसतो. त्याची जागा ऍप्टएक्स ॲडॅप्टिव्हने घेतली. तो परिस्थिती बघून माहितीचा ओघ कमीजास्त करतो, आणि सगळं जुळलं तर ८० च्या आसपास उशीर मिळतो. हा प्रामुख्याने स्नॅपड्रॅगन चिपच्या फोनवर असतो. आयफोनवर ही यादीच नाही, तिथे एएसी वापरला जातो आणि बदलायची सोय दिलेली नाही.

नव्या वाटेचं नाव एलई ऑडिओ, आणि तिचा कोडेक एलसी-थ्री. मला हिच्याबद्दल खरी आशा आहे, कारण इथे फक्त कोडेक बदललेला नाही, टाकीचा हिशेबच बदललेला आहे. प्रत्येक पाकिटाला मुदत असते. मुदतीत पोचलं तर वाजतं, नाहीतर टाकून दिलं जातं, मागची रांग अडत नाही. उजव्या आणि डाव्या इअरबडला फोन वेगवेगळा प्रवाह थेट पाठवतो. अँड्रॉइडमध्ये याची सोय १३ व्या आवृत्तीपासून म्हणजे २०२२ पासून आहे, पण फोनची चिप आणि इअरबड दोन्ही त्यासाठी तयार असावे लागतात. जोडलेल्या इअरबड्सच्या पानावर `LE Audio` असं बटण दिसलं तर तुमची जोडी तयार आहे. खोक्यावरच्या 'ब्लूटूथ ५.३' या आकड्यावर मात्र विसंबू नका. आवृत्तीचा आकडा मोठा असूनही एलई ऑडिओ नसलेले इअरबड्स भरपूर आहेत.

आता गेम मोड, जो स्वस्त इअरबड्समध्येही मिळतो. हा बहुधा नवा कोडेक नसतो. टाकी लहान केलेली असते, एवढंच. तीन टॅप करून किंवा कंपनीच्या ॲपमधून तो चालू होतो. उशीर खरोखर कमी होतो, पण साठा कमी म्हणजे पुरवठा जरा अडला की नळ कोरडा, कानात चटचट. भाच्याच्या इअरबड्सवर मी तो चालू केला. गावाबाहेरच्या घरात अप्रतिम चालला आणि संध्याकाळी एसटीत बसल्यावर तुटायला लागला, कारण आजूबाजूला चाळीस फोन होते.

चटचट होत असेल तर इअरबड्स बदलायच्या आधी दोन गोष्टी करून बघा. घरचा वायफाय ५ गिगाहर्ट्झच्या नावाला जोडा, म्हणजे फोनचा वायफाय आणि ब्लूटूथ एकाच पट्ट्यात भांडणार नाहीत. आणि दोन फोनना एकाच वेळी जोडलेले राहण्याची इअरबड्सची सोय खेळताना बंद ठेवा.

माइक चालू केल्यावर आवाज का पडतो

उशिरापेक्षाही मॅच घालवणारी गोष्ट ही आहे. स्क्वॉडशी बोलायला गेममध्ये माइक चालू केला की इअरबड्स अनेकदा गाण्याच्या पद्धतीवरून फोन कॉलच्या पद्धतीवर जातात. त्या पद्धतीत आवाज एकाच चॅनेलचा होतो, जुन्या टेलिफोनसारखा दबका. डावं-उजवं संपलं म्हणजे पावलं कुठून येतायत हे कळणं संपलं. मग उशीर शून्य असला तरी उपयोग काय?

ओळखायचं असं: माइक बंद ठेवून पाण्याचा किंवा गाडीचा आवाज ऐका, मग माइक चालू करा. आवाज एकदम डबा झाला तर हेच घडलंय. गेमच्या ऑडिओ सेटिंगमध्ये किंवा फोनच्या गेमिंग पॅनेलमध्ये माइक फोनचा घ्यायची सोय असेल तर ती वापरा. नसेल तर ब्लूटूथवर ऐकायचं किंवा बोलायचं, दोन्हीपैकी एक निवडावं लागतं. वायर, २.४ चं डोंगल आणि नीट जुळलेला एलई ऑडिओ, या तिघांत ही अडचण येत नाही.

भाच्यासाठी काय ठरलं

त्याचा फोन स्नॅपड्रॅगनचा नव्हता, त्यामुळे ऍप्टएक्स ॲडॅप्टिव्ह बाद. `LE Audio` चं बटण नव्हतं. डोंगलचा हेडसेट त्याच्या बजेटबाहेर, आणि तो खेळतो फोनवर, आडवा धरून, चार्जर लावून. संध्याकाळी रँक पुश करताना स्क्वॉडशी सतत बोलतो. एवढं कळल्यावर निर्णय अवघड नव्हता: घरी डॅकचा चार्जिंगवाला कन्व्हर्टर आणि त्याच्या आईच्या कपाटात पडलेले जुने माइकवाले इअरफोन. इअरबड्स परत न करता शाळेच्या बससाठी, गाण्यांना आणि सिनेमाला. बसमध्ये खेळायचंच असेल तर गेम मोड, माइक बंद.

तुमचं उत्तर वेगळं येईल. कॉम्प्युटरवर तासन्‌तास बसणाऱ्याला मी सरळ २.४ च्या डोंगलचा हेडसेट घ्यायला सांगेन, तिथे चार्जिंगचा किंवा हातात टोचण्याचा प्रश्नच नाही. लुडो, कॅरम किंवा बुद्धिबळ खेळणाऱ्याने एक रुपयाही खर्च करू नये. नवा फोन आणि नवे इअरबड्स दोन्ही घ्यायचेच असतील तर दोन्हीकडे एलई ऑडिओ असल्याची खात्री करून घ्यावे, आणि परत करायची मुदत संपायच्या आत नखाची चाचणी करून बघावी.

कन्व्हर्टर आला त्या दिवशी भाच्याने पुन्हा ट्रेनिंग ग्राउंड उघडलं, बंदूक सिंगलवर ठेवली आणि एकेक गोळी झाडली. ठिणगी आणि 'ठो' एकत्र. मग त्याने एक इअरफोन काढून माझ्या कानात घातला आणि म्हणाला, "आता डोळे मीट. मी कुठून पळतोय सांग."